पापणीच्या केसामागची प्रभावळ

लग्नाचा अल्बम घरी येतो. पहिलंच पान उलटलं की नवरीचा बारा बाय अठरा इंचांचा फोटो. मुंडावळ्या, नथ, पैठणीचा काठ, सगळं जिथल्या तिथे. पण नजर डोळ्यांवर टेकली की काहीतरी खुपायला लागतं. पापणीच्या प्रत्येक केसाला पांढरट किनार आहे, बुबुळ काचेचा चुरा भरल्यासारखं दिसतंय आणि काजळाची रेघ कात्रीने कापून चिकटवल्यासारखी वाटतेय. गंमत म्हणजे हाच फोटो आठ दिवसांपूर्वी मोबाइलवर आला होता तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याला नावाजलं होतं.

दोन्ही वेळा फोटो एकच होता. बिघडलं ते शार्पनिंगमध्ये, आणि ते मोबाइलवर का दिसलं नाही याचं कारण निव्वळ आकडेमोडीत आहे. त्या आकडेमोडीकडे येण्याआधी शार्पनिंग म्हणजे नेमकं काय, हे पाहावं लागतं. कारण या शब्दाने बहुतेकांची फसगत होते.

धूसर फोटोत हरवलेला तपशील शार्पनिंगने परत येत नाही. जिथे उजेड आणि अंधार एकमेकांना भिडतात, तिथली तफावत ते वाढवतं, इतकंच. फोटोशॉपमधल्या एका जुन्या आणि अजूनही चालणाऱ्या फिल्टरचं नाव Unsharp Mask आहे. शार्प करणाऱ्या फिल्टरचं नाव ‘अनशार्प’ कसं, हा प्रश्न शिकणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर फिल्मच्या डार्करूममध्ये आहे. तिथे निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर अशी एक पॉझिटिव्ह प्रत काढत, ती निगेटिव्हवर बरोबर जुळवून ठेवत आणि दोन्हींमधून प्रकाश सोडून छापत. धूसर प्रत मोठे मोठे भाग झाकून टाकायची आणि बारीक कडा उठून यायच्या. ती धूसर प्रत म्हणजेच ‘अनशार्प मास्क’. ऑस्ट्रेलियात काम करणारे खगोल-छायाचित्रकार डेव्हिड मालिन यांनी हीच युक्ती दुर्बिणीच्या काचेच्या प्लेटांवर वापरली आणि दीर्घिकांभोवतीची कवचासारखी अतिफिकट वलयं उजेडात आणली.

संगणक तेच काम आकड्यांनी करतो. आठ बिटच्या फोटोत शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. समजा पापणीच्या कातडीचा उजळपणा १८० आहे आणि तिच्यावरच्या केसाचा ६०. संगणक आधी फोटोची धूसर प्रत करतो. तिच्यात कडेला रंग एकमेकांत मिसळतात. कातडीच्या बाजूला १५० उरतात, केसाच्या बाजूला ९०. मग मूळ आणि धूसर यांतला फरक, म्हणजे दोन्हीकडे ३०, मूळ फोटोत मिळवला जातो. कडेलगतची कातडी २१० होते, केसाची कड ३० वर उतरते. आधी तफावत १२० होती, आता १८० झाली, म्हणून कड धारदार भासते. हे झालं अमाउंट १०० टक्के असताना. तो २०० केला की कातडी २४० वर जाते आणि केस शून्यावर. २४० म्हणजे जवळजवळ कागदाचा पांढरा. नवरीच्या पापणीवर दिसलेली किनार ती हीच.

या किनारीला इंग्रजीत ‘हेलो’ म्हणतात. मराठीत प्रभावळ हा शब्द तयारच आहे. देवाच्या मूर्तीमागे ती शोभते, पापणीच्या केसामागे नाही. पण किनार मुळातच वाईट असते असंही नाही. प्रत्येक शार्पनिंग किनारीनेच घडतं आणि माणसाचा डोळा स्वतःदेखील हेच करत असतो. फिकट आणि गडद पट्टे शेजारी ठेवले की सीमेवर आपल्याला नसलेली उजळ आणि काळी रेघ दिसते, हे अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली दाखवून दिलं होतं. किनार इतकी बारीक हवी की ती वेगळी दिसू नये, नुसती धार जाणवावी. ती किती रुंद होणार, हे ठरवतो रेडियस.

आता आकडेमोड. चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्याने उभा फोटो काढला तर तो ४००० पिक्सेल रुंद आणि ६००० पिक्सेल उंच असतो. खांद्यापर्यंतच्या फोटोत चौकटीच्या रुंदीत साधारण साठ सेंटिमीटर मावतात असं धरू. म्हणजे एका मिलिमीटरला पावणेसात पिक्सेल. डोळ्याची उघडी फट सुमारे तीस मिलिमीटर, म्हणून फोटोत ती दोनशे पिक्सेल. बुबुळ बारा मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे ऐंशी पिक्सेल. आणि पापणीचा केस? त्याची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर एक पिक्सेलही भरत नाही.

वरच्या पापणीवर शंभरेक केस दाटीने उगवलेले असतात. मुळांपाशी दोन केसांमधली मोकळी जागा या फोटोत जेमतेम दोन पिक्सेल उरते. तिथे रेडियस ३ ठेवला तर प्रत्येक केसाची किनार पाच-सहा पिक्सेलपर्यंत पसरते, म्हणजे शेजारच्या केसावर आणि त्याच्याही पलीकडे जाते. पांढऱ्या किनारी एकमेकींत मिसळतात, काळ्या मिसळतात, आणि पापणीऐवजी वापरून जुना झालेला टूथब्रश दिसू लागतो. फोटो सुधारणारे याला ‘क्रंची’ म्हणतात. कुरकुरीतपणा चिवड्याला असावा. पापणीला आला की समजावं, रेडियस केसाच्या जाडीपेक्षा फारच मोठा झाला आहे.

मोबाइलवर हे लपलं होतं, कारण तिथे फोटो १०८० पिक्सेल रुंदीवर आणून पाठवला होता. ४००० चे १०८० झाले की सगळं पावणेचार पटींनी आक्रसतं. सहा पिक्सेलची किनार दीड पिक्सेलवर येते आणि ‘वा, काय टोकदार डोळे’ असं वाटायला लावते. अल्बमच्या बारा इंच रुंद पानावर मात्र एका इंचात ३३३ पिक्सेल बसतात आणि तीच किनार जवळजवळ अर्धा मिलिमीटर होते. हातात धरून पाहिलेल्या कागदावर अर्धा मिलिमीटर कुणालाही दिसतो.

तेव्हा पहिला निर्णय हा की अख्ख्या चेहऱ्याला एकच शार्पनिंग द्यायचं नाही. दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत: डोळ्यालाही एकच शार्पनिंग द्यायचं नाही. पापणीचे केस पाऊण पिक्सेलचे, बुबुळातल्या रेषा त्याहून जाड आणि मऊ, पांढऱ्या भागाला तर धार नकोच. एकाच मापाचा अंगरखा तिघांना शिवला की कुणालाच बसत नाही.

इथे मास्क उपयोगी पडतो. हा मास्क डार्करूममधल्या धूसर प्रतीपेक्षा वेगळा, हे लक्षात ठेवलेलं बरं. फोटोशॉपमध्ये थराला म्हणजे लेयरला जोडलेली ही एक काळी-पांढरी जाळी असते. जिथे ती पांढरी, तिथे थर दिसतो. जिथे काळी, तिथे झाकला जातो. जिथे करडी, तिथे अर्धामुर्धा दिसतो. थर अख्खा शार्प करायचा, मास्क पूर्ण काळा ठेवायचा आणि हवं तिथेच पांढऱ्या ब्रशने उघडायचा, अशी ही रीत.

त्याच नवरीचा फोटो पुन्हा घेऊ. रंग, उजेड, कातडीची डागडुजी आधी उरकलेली असावी, कारण शार्पनिंगनंतर पुटकुळी पुसायला गेलं की धारेचे ठिगळ दिसतात. तयार थराची Ctrl+J ने एक प्रत काढायची, तिला नाव द्यायचं ‘पापणी’. नाव देण्याचा कंटाळा करू नये. तासाभराने ‘लेयर वन कॉपी टू’ म्हणजे काय होतं, हे आठवत नाही. प्रतीवर उजवं क्लिक करून Convert to Smart Object केलं तर फिल्टरचे आकडे नंतरही बदलता येतात. मग Filter > Sharpen > Unsharp Mask. या फोटोसाठी अमाउंट १५०, रेडियस ०.७, थ्रेशोल्ड ४ इथून सुरुवात करावी. थ्रेशोल्ड म्हणजे किती फरक असला तरच हात लावायचा, याची मर्यादा. लग्नाच्या हॉलमध्ये आयएसओ वाढवून काढलेल्या फोटोत कातडीवर रवाळ दाणे असतात. त्यांच्यातला फरक दोन-चार आकड्यांचाच असल्यामुळे थ्रेशोल्ड त्यांना वगळतो, केसाचा फरक मात्र शंभराच्या पुढचा असल्याने तो सुटत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यांत कामाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. या थराचा ब्लेंड मोड Normal वरून Darken करायचा. Darken मध्ये थरातला जो बिंदू खालच्यापेक्षा गडद असेल तोच घेतला जातो, उजळ झालेला सोडून दिला जातो. वरचं उदाहरण आठवा. केसाची कड ६० वरून ३० वर आली, ती राहते. कातडी १८० ची २१० झाली होती, ती पुन्हा १८० दिसते. केस अधिक काळाभोर होतो आणि पांढरी प्रभावळ जन्मालाच येत नाही. पापणीच्या केसांबाबत ही युक्ती विशेष चालते, कारण ते नेहमी आपल्या पार्श्वभूमीहून गडद असतात. मागे कातडी असो की डोळ्याचा पांढरा भाग. माणसाला कडेची काळी रेघ फारशी खटकत नाही, पांढरी लगेच खटकते.

नुसत्या Darken ने कधी कधी पापणी जरा जड, मस्कारा थापल्यासारखी वाटते. तेव्हा थराची अपारदर्शकता सत्तर टक्क्यांवर आणावी. अगदीच चमक हवी असेल तर त्याच थराची आणखी एक प्रत Lighten मोडमध्ये घालून ती वीस टक्क्यांवर ठेवतात. काळी बाजू सत्तर आणि पांढरी वीस, या प्रमाणात किनार असते पण दिसत नाही. दोन बाजूंना वेगवेगळी मात्रा देण्याची ही सोय एकाच थरात मिळत नाही.

आता मास्क. Alt दाबून धरून Add Layer Mask च्या चिन्हावर क्लिक केलं की मास्क काळा होऊन जोडला जातो आणि केलेलं शार्पनिंग एकदम गायब होतं. पांढरा ब्रश घ्यायचा, त्याची कड पूर्ण मऊ म्हणजे हार्डनेस शून्य, आकार दहा-बारा पिक्सेल, फ्लो वीस टक्के. मुळापासून टोकाकडे, केस ज्या दिशेने वळला आहे त्याच दिशेने हलके फटकारे मारायचे. मुळांपाशी दोन-तीन वेळा, टोकांशी एकदाच. खरी पापणीही टोकाला निमुळती आणि फिकी होते, आणि बहुधा ती टोकं फोकसच्या पुढे आलेली असल्याने किंचित मऊही असतात. टोकापर्यंत सारखीच धार दिली की नकली पापण्या चिकटवल्यासारखं दिसतं. नवरीने त्या खरंच चिकटवल्या असतील, तर त्यांच्या मुळाशी असलेली गोंदाची पट्टी धारेत येऊ द्यायची नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

ब्रशची कड मऊ का? कारण शार्प केलेल्या भागात फोटोचे दाणेही थोडे उठतात. टणक कडेचा मास्क असेल तर दाणेदार भाग आणि गुळगुळीत भाग यांच्यामध्ये शिवण दिसते. ती कुठे आहे हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण डोळा ‘लावलेला’ आहे असं त्याला वाटत राहतं.

बुबुळासाठी वेगळा थर. इथे रेडियस १.३, अमाउंट ८० च्या आसपास आणि मोड Luminosity, म्हणजे फरक फक्त उजळपणात पडतो आणि कडेला जांभळे-हिरवे कण उगवत नाहीत. मास्क बुबुळाच्या आतच रंगवायचा. काठाची तीन-चार पिक्सेल सोडून द्यायची. बुबुळ आणि पांढरा भाग यांची सीमा नैसर्गिकरीत्या मऊ असते, ती धारदार झाली की नजर बाहुलीच्या डोळ्यासारखी थिजते. बुबुळावर चमकणारा खिडकीचा किंवा फ्लॅशचा ठिपकाही काळ्या ब्रशने वगळावा. तो आधीच २५५ वर असतो, त्याला आणखी पांढरं होता येत नाही. शार्पनिंगने त्याच्याभोवती फक्त काळं कडं उमटतं.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या शिकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. या विषयाचे अनेक धडे निळ्या-हिरव्या डोळ्यांवर दाखवलेले असतात. त्या बुबुळांत तंतू, खाचा, वलयं स्वच्छ दिसतात, आणि शार्पनिंगने ती खुलतात. आपल्याकडची बहुतेक बुबुळं गडद तपकिरी. त्यांच्यातून प्रकाश फारच कमी परत येतो, आणि साध्या उजेडात तिथे शार्प करण्याजोगा तपशीलच फोटोत उतरलेला नसतो. धडा जसाच्या तसा गिरवला तर आकडा वाढवत वाढवत माणूस दाण्यांनाच धार लावून बसतो. काचेचा चुरा दिसतो तो यामुळे. अशा डोळ्यात आधी Curves ने बुबुळाचा खालचा अर्धा भाग किंचित उजळावा, मग काही तंतू दिसले तरच बुबुळाचा थर ठेवावा, नाहीतर सरळ काढून टाकावा. काळ्या डोळ्यांचं तेज बुबुळापेक्षा पापणीत आणि त्या चमकत्या ठिपक्यात असतं.

डोळ्याच्या पांढऱ्या भागाला धारेचा ब्रश लावूच नये. तिथे फक्त रक्तवाहिन्या आहेत. लग्नाच्या दिवशी पहाटे उठलेल्या, होमाच्या धुरात बसलेल्या मुलीच्या डोळ्यांतली लाली कुणाला ठळक करून हवी आहे? खालच्या पापणीखालची कातडीही तशीच वगळायची. तिथे पावडरचे कण आणि काजळाचे बारीक डाग वाट पाहत असतात.

मानेने किंचित वळून काढलेल्या फोटोत आणखी एक पेच येतो. ८५ मिलिमीटरची लेन्स, एफ १.८ आणि दीड मीटर अंतर असेल, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. जवळचा डोळा त्यात बसतो, दूरचा त्याच्या मागे राहतो आणि मऊ पडतो. त्या दूरच्या डोळ्याला जवळच्याइतकीच धार देण्याचा मोह टाळावा. शार्पनिंगला वाढवायला तिथे कडच नाही, त्यामुळे उठतात ते दाणेच. शिवाय दूरची भुवई आणि गाल मऊ असताना मधलाच डोळा टोकदार झाला तर तो चेहऱ्यापासून सुटा तरंगतो. मास्कवर अर्धा फ्लो देऊन थांबावं, किंवा तो डोळा तसाच सोडावा. फोकसच चुकून कानावर गेला असेल, तर त्यावर मास्क हा उपाय नाही. त्याच दिवशी काढलेला दुसरा फोटो शोधणं हाच उपाय. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोचंही तसंच; दाबून लहान केलेल्या जेपेगमध्ये आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन असतात आणि धार पहिल्यांदा त्यांनाच चढते.

चूक ओळखायची कशी? फोटो १०० टक्क्यांवर पाहावा, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येतो. ३०० टक्क्यांवर काम करायला हरकत नाही, पण निवाडा तिथे करायचा नाही. तिथे सगळंच भयंकर दिसतं आणि नंतर काहीच भयंकर वाटेनासं होतं. मन साशंक असेल तर आकड्यांना विचारावं. Info पॅनेल उघडून कर्सर आधी पापणीच्या मोकळ्या कातडीवर न्यावा, मग दोन केसांच्या मधल्या फटीत. मोकळी कातडी १८० च्या घरात आणि फटीत २०० च्या पुढे, असं असेल तर ती प्रभावळ आहे. निसर्गात केसांच्या मधली कातडी सावलीमुळे उलट थोडी गडदच असते. मास्कवर Alt दाबून क्लिक केलं की तो एकटा काळा-पांढरा दिसतो. त्यात दोन मऊ पंखे आणि दोन धूसर ठिपके दिसायला हवेत. पांढरा पट्टा गालावर किंवा भुवईवर सांडलेला असेल तर तो तिथेच पकडता येतो.

हे सगळं फोटोशॉपशिवायही जमतं. फुकट मिळणाऱ्या जिम्पमध्ये Sharpen (Unsharp Mask) आहे, काळा मास्क आहे आणि Darken only नावाचा मोडही आहे. आकड्यांच्या खुणा तिथे थोड्या वेगळ्या पडतात, म्हणून फोटोशॉपचे आकडे जसेच्या तसे न उचलता केसाकडे बघून ठरवावेत. लाइटरूममध्ये मास्क ब्रशने डोळ्यावर शार्पनेस वाढवता येतो, पण तिथे काळी आणि पांढरी बाजू वेगळी करता येत नाही. म्हणून आकडा कमी ठेवणं भाग पडतं.

शेवटचा भाग पाठवणीचा. अमेरिकेत काम केलेले फोटोशॉपचे जाणकार ब्रूस फ्रेझर यांनी शार्पनिंगचे तीन टप्पे मांडले होते: कॅमेऱ्याचा मऊपणा भरून काढणारा पहिला, चित्रातल्या निवडक भागांचा दुसरा आणि ज्या माध्यमात फोटो जाणार त्याच्यासाठीचा तिसरा. डोळ्यांचं काम दुसऱ्या टप्प्यातलं. मोबाइलसाठी फोटो १०८० वर आणला की पापणीवरची सगळी मेहनत आक्रसून बरीचशी नाहीशी होते, म्हणून लहान केल्यानंतर त्या आकाराला वेगळं हलकं शार्पनिंग द्यावं लागतं. तीच लहान प्रत नजरेसमोर ठेवून मूळ फाइलचे आकडे वाढवले, की अल्बममध्ये टूथब्रश उगवतो.

अल्बम छपाईला देण्याआधी एक करून पाहा. बारा इंची पानाच्या त्याच फाइलमधून डोळ्यांभोवतीचा तुकडा आकार न बदलता कापा. २००० बाय १३३३ पिक्सेलचा तुकडा सहा बाय चार इंचांच्या साध्या प्रिंटवर बरोबर बसतो. लॅबमध्ये आपोआप होणारं शार्पनिंग बंद करायला सांगा आणि अल्बमला जो कागद, ग्लॉसी किंवा मॅट, तोच मागा. हा प्रिंट खिडकीच्या उजेडात हातभर अंतरावर धरा. पापणीवर पांढरं काही दिसलं तर ‘पापणी’ नावाचा थर अजून तुमच्याकडे आहे, आणि त्याचे आकडे बदलायला दोन मिनिटं लागतात.